विश्लेषण : रुग्णवाहिकेचा नवा तळ कुठे असावा, हे कसे ठरते? नकाशावरचे वर्तुळ का फसवते?

एखाद्या डोंगराळ तालुक्याला नवी रुग्णवाहिका मंजूर होते, तेव्हा ती उभी कुठे राहणार, हा प्रश्न बहुतेक वेळा एका बैठकीत निकाली निघतो. तालुक्याचे गाव, महामार्गावरचा चौक किंवा जिथे आरोग्य केंद्राच्या आवारात जागा रिकामी आहे तिथे ती उभी केली जाते. पण रुग्णवाहिका किती गावांना वेळेत पोहोचेल, हे ती किती नवी आहे यापेक्षा ती कुठे उभी आहे यावर अधिक ठरते. ही जागा मोजून काढण्याची एक पद्धत आहे. तिला व्याप्ती विश्लेषण म्हणतात. ते कसे करतात, त्यात काय चुकते आणि ते कुठे थांबते, याचा हा आढावा.

लोकसंख्येचा निकष पुरेसा का नाही?

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची आपत्कालीन वैद्यकीय सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. तिचा ताफा ९३७ रुग्णवाहिकांचा होता. त्यांपैकी २३३ प्रगत उपचारांची साधने असलेल्या, तर ७०४ प्राथमिक जीवरक्षक साधने असलेल्या होत्या. अशा गाड्यांसाठी राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा ढोबळ निकष लोकसंख्येचा आहे. साधारण एक लाख लोकांमागे एक प्राथमिक आणि पाच लाखांमागे एक प्रगत रुग्णवाहिका, असा हा हिशेब आहे.

सपाटीवरच्या दाट वस्तीत हा निकष बरा चालतो. डोंगरात तो कोलमडतो. सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार एक लाखाच्या आत आहे. केवळ लोकसंख्या पाहिली, तर एक रुग्णवाहिकाही या तालुक्याला ‘जास्त’ ठरते. प्रत्यक्षात महाबळेश्वरहून तापोळ्याला जायचे तर पंचवीस-तीस किलोमीटरचा घाटरस्ता उतरावा लागतो. तापोळ्यापुढे कोयनेचा शिवसागर जलाशय आहे आणि त्याच्या पलीकडे कांदाटी खोऱ्यातील गावे. तिथे माणसे लाँचने आणि वाहने तराफ्यावरून ये-जा करत आली आहेत.

म्हणजे गाड्या किती हव्यात हे लोकसंख्या सांगते, पण त्या कुठे हव्यात हे सांगत नाही. ते सांगण्यासाठी वेळ मोजावा लागतो.

वेळेचे उद्दिष्ट म्हणजे नेमके काय?

समजा, ग्रामीण भागासाठी ३० मिनिटांचे उद्दिष्ट ठरले. ही ३० मिनिटे गाडी चालवण्याची नसतात. घड्याळ सुरू होते ते घरातल्या माणसाने फोन लावल्यापासून. १०८ चा फोन पुण्यातील नियंत्रण कक्षात जातो. तिथे काय झाले, कुठे झाले, जवळची खूण कोणती, हे विचारले जाते. मग मोकळी गाडी शोधून तिच्या डॉक्टर-चालकाला निरोप जातो. ते गाडीत बसून निघतात. गावाच्या फाट्याला पोहोचल्यावर वाडी शोधावी लागते आणि शेवटचा टप्पा कधी कधी चालत गाठावा लागतो.

या प्रत्येक टप्प्याला वेळ काढून ठेवावा लागतो. फोन आणि निरोप यांना ३ मिनिटे, गाडी निघायला २ मिनिटे आणि फाट्यापासून रुग्णापर्यंत ३ मिनिटे धरली, तर ३० मधून ८ मिनिटे गेली. उरली २२. विश्लेषणात वापरायचा आकडा हाच.

२२ मिनिटांत गाडी किती लांब जाते, हे रस्त्यावर अवलंबून आहे. चांगल्या राज्य मार्गावर ताशी ४५ किलोमीटरचा वेग मिळाला, तर साडेसोळा किलोमीटर. घाटात ताशी २५ धरला, तर जेमतेम नऊ. वाडीच्या कच्च्या रस्त्यावर ताशी २० असेल, तर सात किलोमीटरच्या थोडे पुढे. एकाच तळावरून निघालेली गाडी एका दिशेला सोळा आणि दुसऱ्या दिशेला सातच किलोमीटर पोहोचते. त्यामुळे वेळेत येणारा प्रदेश नकाशावर गोल दिसत नाही. रस्त्यांच्या कडेने लांबलेला, मधे खोल खाचा असलेला, असा तो वेडावाकडा दिसतो.

मग वर्तुळ का काढले जाते?

कारण ते सोपे आहे. तळाच्या ठिकाणी कंपासचे टोक ठेवायचे, वीस किलोमीटरचे वर्तुळ काढायचे आणि आतली गावे मोजायची. अहवालात ते छानही दिसते. पण सह्याद्रीत हवाई अंतर आणि रस्ता यांचा संबंध फार सैल असतो. महाबळेश्वर आणि रायगड जिल्ह्यातील पोलादपूर यांच्यात सरळ रेषेत साधारण वीस किलोमीटर आहेत. आंबेनळी घाटाने जायचे तर अंतर जवळपास दुप्पट होते आणि तेही वळणावळणांचे. जलाशयाच्या दोन काठांवरची गावे तर एकमेकांना दिसतात, पण रस्त्याने एकमेकांपासून कित्येक किलोमीटर दूर असतात.

वर्तुळाची चूक सगळीकडे सारखी असती तर तिची भरपाई करता आली असती. ती सारखी नसते. महामार्गालगत ती कमी असते आणि खोऱ्यात सर्वाधिक. म्हणजे ज्या गावांसाठी नवी गाडी आणायची, नेमकी तीच गावे वर्तुळात ‘व्यापलेली’ दिसतात आणि यादीतून गळतात.

यासाठी लागणारी माहिती कुठून येते?

तीन गोष्टी लागतात. रस्त्यांचे जाळे, गावांची ठिकाणे आणि तळ होऊ शकतील अशा जागांची यादी.

रस्त्यांसाठी ओपनस्ट्रीटमॅपसारखा खुला नकाशा वापरता येतो. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतील ग्रामीण रस्त्यांची जीआयएस माहिती केंद्र सरकारने २०२२ मध्ये खुली केली, तीही उपयोगी पडते. क्यूजीआयएससारख्या मोफत प्रणालीत हे जाळे घेऊन प्रत्येक तुकड्याला वेग देता येतो आणि एखाद्या बिंदूपासून २२ मिनिटांत कुठवर जाता येते, हे काढता येते. वेग मात्र अंदाजाने टाकू नये. आधीपासून धावणाऱ्या रुग्णवाहिकांच्या जीपीएस नोंदी असतात. त्यांवरून कोणत्या घाटात दिवसा आणि रात्री खरा वेग किती मिळतो, हे कळते.

गावांच्या ठिकाणांत मोठी मेख आहे. जनगणनेच्या यादीत ‘गाव’ म्हणजे महसुली गाव. एका महसुली गावात गावठाण असते, शिवाय चार-पाच वाड्या, एखादा धनगरवाडा, पाडा असतो. संगणकावर मात्र गाव हा एकच बिंदू असतो आणि अनेकदा तो गावाच्या हद्दीचा भौमितिक मध्य असतो. डोंगरात हा मध्य जंगलात किंवा कड्यावर पडतो. संगणक मग जवळच्या रस्त्याला तो बिंदू जोडतो आणि तो रस्ता कदाचित पलीकडच्या खोऱ्यातला असतो. गाव एका खोऱ्यात आणि त्याची नोंद दुसऱ्या खोऱ्यात, असा हा घोळ. तो ओळखण्याचा साधा उपाय म्हणजे ज्या गावाचा बिंदू रस्त्यापासून अर्धा-एक किलोमीटरहून दूर आहे, अशा गावांची यादी काढून ती एकेक करून तपासणे. हे काम आशा सेविका, ग्रामसेवक किंवा एसटीचा चालक यांना नकाशा दाखवून एका दिवसात होते.

तळाच्या जागांचेही तसेच. गाडी कुठेही उभी करता येत नाही. डॉक्टर आणि चालकाला रात्री थांबायला खोली, शौचालय आणि पाणी लागते. उपकरणे चार्ज करायला वीज लागते. आणि मोबाइलची रेंज लागतेच, कारण निरोप त्यावरच येतो. जिथे रेंज नाही अशी जागा नकाशावर कितीही मध्यवर्ती असली, तरी ती यादीत घेऊ नये.

एका तालुक्याचे गणित करून पाहिले तर?

पद्धत नीट कळावी म्हणून एक कल्पित डोंगरी तालुका घेऊ. खालचे आकडे कोणत्याही प्रत्यक्ष तालुक्याचे नाहीत. या तालुक्यात ६० गावे आहेत. तालुक्याच्या गावाभोवती १४, महामार्गालगत ९, पठारावर ८, खोऱ्याच्या तोंडाशी ८, खोऱ्याच्या मध्यावर ९, खोऱ्याच्या टोकाला ५ आणि जलाशयापलीकडे ७. रुग्णवाहिका सध्या एकच आहे आणि ती तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालयात उभी असते.

तिथून वीस किलोमीटरचे वर्तुळ काढले, तर खोऱ्याच्या मध्यापर्यंतची ४८ गावे आत येतात, म्हणजे ८० टक्के. रस्त्याने २२ मिनिटे मोजली, तर चित्र पालटते. तालुक्याच्या गावाजवळची १४ गावे १२ मिनिटांच्या आत आहेत, महामार्गालगतची ९ गावे १६ मिनिटांवर आणि पठारावरची ८ गावे १९ मिनिटांवर. खोऱ्याच्या तोंडाला मात्र २९ मिनिटे लागतात आणि मध्यावर ४४. वेळेत येतात ती फक्त ३१ गावे, म्हणजे ५२ टक्के. उद्दिष्ट ८५ टक्क्यांचे आहे असे धरू.

नव्या तळासाठी पाच जागा सुचवल्या गेल्या. प्रत्येक जागेवरून २२ मिनिटांत किती गावे येतात आणि त्यांपैकी आज न व्यापलेली किती, हे मोजले तर असे दिसते :

- महामार्गावरचा चौक : एकूण ३१ गावे, त्यांत नवी ८
- पठारावरचे आरोग्य केंद्र : एकूण २२ गावे, त्यांत नवे एकही नाही
- खोऱ्याचे तोंड : एकूण २६ गावे, त्यांत नवी १७
- खोऱ्याचा मध्य : एकूण २२ गावे, त्यांत नवी २२
- खोऱ्याचे टोक : एकूण १४ गावे, त्यांत नवी १४

पहिला आकडा पाहिला तर चौक जिंकतो, कारण तिथून सर्वाधिक गावे जवळ आहेत. बैठकीत चौकाचे नाव पुढे येते ते याचमुळे. पण त्या ३१ पैकी २३ गावांना जुनी गाडी आधीच वेळेत पोहोचते. नव्या तळाचे मोल दुसऱ्या आकड्यात आहे. चौकावर गाडी ठेवली तर तालुक्याची व्याप्ती ३१ वरून ३९ गावांवर, म्हणजे ६५ टक्क्यांवर जाते. खोऱ्याच्या तोंडाशी ठेवली तर ४८, म्हणजे ८० टक्के. खोऱ्याच्या मध्यावर ठेवली तर ५३ गावे, म्हणजे ८८ टक्के. उद्दिष्ट गाठणारी जागा ही एकच.

या हिशेबाला शास्त्रीय आधार आहे का?

आहे आणि तो पन्नास वर्षांहून जुना आहे. अमेरिकेत १९७१ मध्ये कॉन्स्टँटिन टोरेगास आणि सहकाऱ्यांनी आपत्कालीन सेवांच्या जागांचा प्रश्न गणितात मांडला. सगळी ठिकाणे ठरलेल्या वेळेत यायची असतील, तर कमीत कमी किती तळ लागतील, असा तो प्रश्न होता. उत्तर मिळायचे, पण शेवटच्या दोन-चार एकाकी ठिकाणांसाठी तळांची संख्या भरमसाट वाढायची. तेवढा पैसा कोणाकडेच नसतो.

रिचर्ड चर्च आणि चार्ल्स रेव्हेल यांनी १९७४ मध्ये प्रश्न उलटा केला. तळ इतकेच परवडतात, तर त्यांत जास्तीत जास्त किती मागणी व्यापता येईल? कमाल व्याप्तीचा प्रश्न म्हणून तो ओळखला जातो आणि आजही जगभर रुग्णवाहिका, अग्निशमन केंद्रे यांच्यासाठी हीच मांडणी आधारभूत धरली जाते.

एकच तळ वाढवायचा असेल तर वरच्यासारखी यादी पुरते. दोन वाढवायचे असतील, तर आधी सर्वांत चांगली जागा घेऊन मग उरलेल्यांतून दुसरी निवडणे दरवेळी योग्य ठरत नाही. कारण पहिल्या क्रमांकाची जागा कोणत्याच सर्वोत्तम जोडीत नसेल, असेही होते. पाच जागांतून दोनच्या जोड्या दहाच होतात. त्या सगळ्या मोजून पाहणे हा सरळ मार्ग आहे.

गावे मोजायची की माणसे?

वरच्या गणितात प्रत्येक गावाला एक मत आहे. पाचशे वस्तीचे आणि पाच हजार वस्तीचे गाव सारखेच. हे सर्वांना पटेलच असे नाही. म्हणून तोच हिशेब लोकसंख्येने करून पाहतात. समजा, खोऱ्याच्या तोंडाच्या आठ गावांत १४ हजार, मध्यावरच्या नऊ गावांत ७ हजार आणि टोकाच्या पाच गावांत अडीच हजार लोक आहेत. मग चौकामुळे १४ हजार लोक नव्याने वेळेत येतात, खोऱ्याच्या तोंडामुळे २१ हजार आणि मध्यामुळे साडेतेवीस हजार. क्रम तोच राहिला, पण तोंड आणि मध्य यांच्यातील फरक पाच गावांऐवजी अडीच हजार माणसांचा झाला. तोंडाशी चांगली इमारत असेल आणि मध्यावर नवी खोली बांधावी लागणार असेल, तर निर्णय घेणाऱ्यांपुढे हा फरक या स्वरूपात आला पाहिजे. त्या अडीच हजार लोकांसाठी खोली बांधायची की नाही, हे ठरवणे मग त्यांचे काम.

तिसरा पर्याय असतो आधीच्या वर्षांतील फोनच्या नोंदी वापरण्याचा. तो सर्वांत वास्तव वाटतो, पण त्यात सापळा आहे. ज्या खोऱ्यात गाडी तासाभराने येते, तिथले लोक हळूहळू १०८ ला फोन करणे सोडून देतात. गावातली जीप भाड्याने घेतात किंवा सकाळच्या एसटीची वाट पाहतात. नोंदीत त्या गावांची मागणी कमी दिसते आणि त्या आधारे गाडी पुन्हा महामार्गावर जाते. म्हणून फोनच्या नोंदी लोकसंख्येच्या शेजारी ठेवून वाचाव्यात. दर हजारी फोन एखाद्या गावात शेजारच्या गावांच्या मानाने फारच कमी असतील, तर तिथे लोक आजारी कमी पडतात असा अर्थ काढण्याआधी गाडी पोहोचायला किती वेळ लागायचा, ते पाहावे.

पावसाळ्यात हे गणित टिकते का?

बहुतेक विश्लेषणे कोरड्या दिवसातल्या वेगावर होतात. सह्याद्रीत जून ते सप्टेंबर वेगळाच रस्ता असतो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेनळी घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती. एरवीही धुके, वाहून गेलेला डांबराचा थर, पाण्याखालचा फरशी पूल यांमुळे वेग उतरतो.

आपल्या कल्पित तालुक्यात मुख्य रस्त्यांवर पावसाळ्यात दहा टक्के आणि खोऱ्यातील रस्त्यांवर चाळीस टक्के वेळ जास्त लागतो, असे धरू. पठारावरची गावे १९ वरून २१ मिनिटांवर जातात, पण वेळेत राहतात. खोऱ्याचे तोंड आणि मध्य यांच्यातील १५ मिनिटे २१ होतात, तीही बसतात. मध्य ते टोक हे १७ मिनिटांचे अंतर मात्र २४ वर जाते आणि टोकाची पाच गावे निसटतात. मग मध्यावरच्या तळामुळे ५३ ऐवजी ४८ गावे वेळेत येतात आणि तोंडाच्या तळामुळेही ४८ च. चौकातून खोऱ्याच्या तोंडापर्यंतची २० मिनिटे २८ होतात, त्यामुळे चौक पावसाळ्यात एकही नवे गाव देत नाही.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, मध्याची जागा आठ महिने पुढे आहे आणि चार महिने बरोबरीत, म्हणजे ती निवडून कधीच नुकसान नाही. दोन, ‘८८ टक्के’ हा आकडा वर्षभराचा म्हणून छापणे चूक आहे. पावसाळ्याचा ८० टक्के हा आकडा त्याच्या शेजारीच छापला पाहिजे.

गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली असेल तर?

व्याप्तीच्या नकाशात गाडी नेहमी तळावर उभी असते. प्रत्यक्षात ती अनेक तास रस्त्यावर असते. खोऱ्याच्या मध्यावरची गाडी एका फोनवर किती वेळ गुंतते, ते पाहू. गावापर्यंत १५ मिनिटे, रुग्णाला तपासून गाडीत घ्यायला १५, ग्रामीण रुग्णालयापर्यंत ४५, तिथे ताबा द्यायला २० आणि परतायला ४५. एकूण २ तास २० मिनिटे. दिवसाला असे तीन फोन आले तर सात तास, म्हणजे दिवसाचा २९ टक्के वेळ. तेवढा वेळ खोऱ्यातली २२ गावे पुन्हा उघडी पडतात. सरासरी काढली तर २२ गावांची व्याप्ती प्रत्यक्षात पंधरा-सोळा गावांइतकीच भरते. ग्रामीण रुग्णालयाने रुग्ण जिल्हा रुग्णालयात पाठवला आणि तीच गाडी पुढे गेली, तर अर्धा दिवस संपतो.

हा दोष मार्क डॅस्किन यांनी १९८३ मध्ये गणितात आणला. गाडी व्यग्र असण्याची शक्यता धरून अपेक्षित व्याप्ती काढावी, असे त्यांनी सुचवले. हा हिशेब केला की चौकाच्या बाजूचा खरा युक्तिवादही दिसतो. तालुक्याच्या गावची गाडी दिवसाचा निम्मा वेळ बाहेर असेल, तर तिच्या ३१ गावांनाही निम्मा वेळ कोणी नाही आणि चौकातली गाडी त्यांपैकी २३ गावांना दुसरा आधार देते. पण हा वेगळा प्रश्न आहे. पहिला प्रश्न पोहोच नसण्याचा आहे, दुसरा गाडी कमी पडण्याचा. जुन्या तळावरची गाडी किती वेळ व्यग्र असते, हे नोंदींतून काढले की आपल्या तालुक्यात यांपैकी कोणता प्रश्न मोठा आहे, हे कळते. एका रुग्ण-फेरीत जिल्हा रुग्णालयापर्यंतचे काम वेगळ्या गाडीकडे दिले, तर तळावरची गाडी बराच वेळ मोकळी होते, हेही याच नोंदींतून दिसते.

तळ न वाढवता वेळ वाचतो का?

थोडा वाचतो आणि तो कसा, हे याच गणितात दिसते. वर गाडी निघायला २ मिनिटे धरली होती. रात्री झोपेतून उठून, कुलूप काढून, गाडी सुरू करून निघायला ६ मिनिटे लागत असतील, तर चालवण्यासाठी २२ ऐवजी १८ मिनिटे उरतात. मग १९ मिनिटांवरची पठाराची आठही गावे एका झटक्यात बाहेर पडतात. ५३ गावांची व्याप्ती ४५ वर, म्हणजे ७५ टक्क्यांवर येते. चार मिनिटांची किंमत आठ गावे. मंजुरी, बांधकाम काहीही न करता केवळ विश्रांतीची खोली गाडीपाशी असणे आणि निरोप मिळताच निघणे, एवढ्याने ती परत मिळतात. म्हणून तळ ठरवण्याआधी निरोप मिळाल्याची वेळ आणि गाडी हलल्याची वेळ यांतील अंतर नोंदींतून काढून पाहावे. तेही दिवसाचे आणि रात्रीचे वेगवेगळे.

निष्कर्ष बरोबर आहे, हे कसे तपासायचे?

सर्वांत सोपी कसोटी म्हणजे संगणकाने सांगितलेला वेळ आणि जुन्या गाडीला प्रत्यक्ष लागलेला वेळ शेजारी मांडणे. वीस-पंचवीस फेऱ्या पुरतात, पण त्या सगळ्या दिशांच्या हव्यात. एका दिशेला सगळे अंदाज कमी निघत असतील, तर त्या रस्त्याचा वेग चुकीचा टाकला आहे. एखादेच गाव फार चुकत असेल, तर बहुधा त्याचा बिंदू चुकीच्या रस्त्याला जोडला गेला आहे.

तळ सुरू झाल्यावर सरासरी वेळ पाहून समाधान मानू नये. तालुक्याच्या गावातील आठ-दहा मिनिटांच्या फेऱ्या सरासरी खाली आणतात आणि खोऱ्यातल्या पाऊण तासाच्या फेऱ्या तिच्यात बुडून जातात. प्रत्येक गावसमूहासाठी दहापैकी किती फेऱ्या ३० मिनिटांत झाल्या, हे वेगळे मांडले तरच उद्दिष्ट गाठले की नाही, ते समजते. नवा पूल झाला, घाट रुंद झाला किंवा मोबाइलचा टॉवर उभा राहिला की गणित पुन्हा करावे लागते.

उरलेल्या गावांचे काय?

आपल्या तालुक्यात जलाशयापलीकडची सात गावे पाचही जागांच्या यादीत कुठेच आली नाहीत. ८५ टक्क्यांचे उद्दिष्ट त्यांच्याशिवायच पूर्ण झाले. ‘बहुतेक गावे’ असे उद्दिष्ट ठेवले की ही गोष्ट ओघानेच येते, कारण उरणारी गावे दरवेळी तीच असतात. दुसरा तळ आला, तिसरा आला, तरी रस्त्याच्या जाळ्याला न जोडलेले गाव रस्त्यावरच्या गाडीच्या व्याप्तीत येणार नाही.

म्हणून या विश्लेषणाच्या शेवटी दोन याद्या निघायला हव्यात. पहिली, नव्या तळाने वेळेत आलेल्या गावांची. दुसरी, कोणत्याही तळाने न येणाऱ्या गावांची, नावानिशी. दुसऱ्या यादीचे उपाय वेगळे आहेत : पलीकडच्या काठावर कायमची उभी असलेली एखादी जीप, रात्रीही निघू शकणारी लाँच, गावातच प्रथमोपचार शिकलेली माणसे, प्रसूतीची तारीख जवळ आलेल्या महिलेला आधीच रुग्णालयाजवळ आणून ठेवण्याची सोय. यांतला कोणता उपाय कुठे, हे गावागणिक ठरेल. मात्र ती सात नावे अहवालात छापली गेली नाहीत, तर ८८ टक्क्यांच्या आकड्यामागे ती कोणाला दिसणारही नाहीत.